पाचवा मजला आहे तरी का?

ताई, मी चिपळूणची. बी.कॉम. झालंय, टॅली येतं. जॉब साइटवर बायोडाटा टाकला होता, त्यावरून मुंबईच्या एका कंपनीचा बॅक ऑफिससाठी इंटरव्ह्यूचा मेल आलाय. येत्या गुरुवारी सकाळी अकराला. पत्त्यात गाळा क्रमांक ५१२, बी विंग, इस्टेटचं नाव, एमआयडीसी, अंधेरी पूर्व, मुंबई ४०००५३ असं आहे. मॅपवर बिल्डिंग दिसते. एचआर मॅडम फोनवर नीट बोलतात. म्हणाल्या, अंधेरीला उतरलीस की कॉल कर, आमचा मुलगा घ्यायला येईल. बाबा म्हणतात, आधी पत्ता खरा आहे का बघ, मग तिकीट काढू. पण इथे बसून ते कसं बघायचं? डोंबिवलीला मावशी आहे, पण तिला उगाच धावपळ नको. मेल सोबत जोडलाय.
— चिपळूणची वाचक

बाबांचं ऐक, तिकीट अजून काढू नकोस. मेल जोडलास हे फार बरं केलंस, नाहीतर मला नुसतंच हवेत बोलावं लागलं असतं. काल रात्री तुझं पत्र वाचलं आणि आज सोमवारी सकाळी तो पत्ता घेऊन बसले. पाऊण तासात जे हाती लागलं ते जसंच्या तसं सांगते. कंपनीचं आणि इस्टेटचं नाव इथे घालत नाही, कारण शेवटचा एक फोन अजून व्हायचाय आणि तो तुला करायचा आहे. तोवर कुणावर शिक्का मारणं बरोबर नाही.

पत्ता खरा आहे का, हा एकच प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन आहेत. ती इमारत आहे का, त्या इमारतीत तो गाळा आहे का, आणि त्या गाळ्यात तीच कंपनी बसते का. मॅपने तुला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि तू तिथे थांबलीस. बहुतेक मुलं तिथेच थांबतात. खोटा पत्ता देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो सहसा इमारत खोटी देत नाही. चांगल्या चालू, गजबजलेल्या, शे-दीडशे गाळ्यांच्या इस्टेटचं नाव देतो आणि खोटेपणा गाळ्याच्या नंबरात ठेवतो.

मी सुरुवात शेवटून केली, पिनकोडपासून. पिनकोड १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या पोस्टखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने ती पद्धत बसवली. पहिले तीन आकडे ४०० म्हणजे मुंबई, आणि पुढचे तीन त्या भागात टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं अंधेरीचा एक पिन असेल. तसं नाही. पूर्वेला स्टेशनच्या बाजूला ४०००६९ आहे, चकाला एमआयडीसीला ४०००९३, मरोळ आणि जे. बी. नगरकडे ४०००५९, सीप्झला ४०००९६. तुझ्या मेलमधला ४०००५३ हा रुळांच्या पलीकडचा, पश्चिमेचा. आझादनगर, लोखंडवाला तिकडचा. म्हणजे पत्ता म्हणतो पूर्व आणि पिन म्हणतो पश्चिम. अंधेरीत या दोन्हींच्या मध्ये रेल्वे आहे, हायवे आहे आणि सकाळी अकराच्या सुमाराला सहज पाऊण तास आहे.

आता घाई करू नकोस. ४०००५३ आणि ४०००९३ यांत एकाच आकड्याचा फरक आहे, आणि टाइप करताना ९ चा ५ होऊ शकतो. म्हणून चुकीच्या पिनला मी पुरावा मानत नाही, खूण मानते. पण मी चौदा वर्षं भरतीचं काम केलंय, त्या अनुभवावरून सांगते. इंटरव्ह्यूचा मेल कुणी दरवेळी नव्याने लिहीत नाही. एकदा मजकूर तयार होतो आणि तोच वर्षानुवर्षं जातो. ऑफिसच्या स्वतःच्या पत्त्यात चुकीचा पिन असेल, तर कुरिअर उशिरा येतं, बँकेचं पत्र परत जातं, आणि महिन्याभरात कुणीतरी तो दुरुस्त करतं. कुणीच दुरुस्त केला नसेल, तर त्या पत्त्यावर कधी काही येतच नसावं, अशी शंका मनात ठेवायची आणि पुढे जायचं. कुठल्याही पत्त्याचा पिन पोस्टाच्या साइटवर विनापैसे शोधता येतो.

मग मॅप उघडला. इस्टेट आहे, अगदी व्यवस्थित आहे. कंपनीच्या नावाची पिनही त्यावर टोचलेली आहे, ती बहुधा तूही पाहिली असशील. पण मॅपवर दुकान किंवा ऑफिस कुणीही घालू शकतं, त्यासाठी तिथे जाऊन गाळा दाखवावा लागत नाही. म्हणून ती पिन कुठे आहे यापेक्षा तिच्या पोटात काय आहे ते बघायचं. हिच्यात दाराचा फोटो नाही, आतल्या टेबलांचा नाही. कुठल्याही संगणकावर मिळेल असं एक हसऱ्या माणसांचं चित्र आहे. अकरा अभिप्राय आहेत, सगळे पाच ताऱ्यांचे, सगळे एकाच महिन्यातले, आणि कुठेही ‘लिफ्ट बंद असते’, ‘पार्किंग मिळत नाही’ असलं काही नाही. खऱ्या ऑफिसबद्दल लोक असलंच लिहितात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लोकेशनचंही तेच. पाठवणारा घरी बसून मॅपवरची कुठलीही जागा निवडून पाठवू शकतो, त्यावरून तो तिथे आहे हे ठरत नाही.

मॅपमध्ये जे खरंच उपयोगी पडलं ते म्हणजे रस्त्यावरून काढलेले फोटो, स्ट्रीट व्ह्यू. भारतात ही सोय २०२२ च्या जुलैत दहा शहरांत आली आणि मुंबई त्या पहिल्या दहांत होती. मॅपवरचा तो छोटा पिवळा माणूस उचलून इस्टेटच्या फाटकासमोर ठेवायचा. मोबाइलवर तळाशी रस्त्याचा छोटा फोटो येतो, तो दाबायचा. मग मान वर करून बघावं तसं चित्र वर सरकवायचं आणि खिडक्यांच्या ओळी मोजायच्या.

मी दोनदा मोजल्या. तळमजला आणि वर तीन. तुझा गाळा ५१२.

मुंबईच्या इस्टेटमध्ये गाळ्याचा पहिला आकडा बहुतेक ठिकाणी मजल्याचा असतो. १०४ पहिल्या मजल्यावर, ३१० तिसऱ्यावर. त्या हिशोबाने ५१२ पाचव्यावर हवा. तरी मी थांबले, कारण इथे तीन गोष्टी आड येऊ शकतात. काही जुन्या इस्टेटमध्ये गाळे मजल्याप्रमाणे नाही तर सरसकट १ पासून मोजलेले असतात. फाटकाच्या आत मागच्या बाजूला उंच विंग असू शकते, आणि फोटो काढणारी गाडी फाटकाच्या आत जात नाही. शिवाय फोटो जुना असू शकतो. तो कधी काढला ते त्याच्यावर छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचायचं. हा तीन वर्षांपूर्वीचा होता.

तेव्हा तिसरं काम केलं, आणि सगळ्यात जास्त याच कामाने साधतं. शेजाऱ्याला विचारलं. इस्टेटच्या वॉचमनचा नंबर मॅपवर नसतो, पण फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याचा, मेडिकलवाल्याचा, हॉटेलवाल्याचा हमखास असतो. ही माणसं रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ त्याच दारात बसलेली असतात. कुठल्या गाळ्यात नवीन कोण आलं आणि कुणाचं भाडं थकलं, इथपर्यंत त्यांना माहिती असते.

पण विचारायची एक रीत आहे. ‘अमुक कंपनी तुमच्याकडे आहे ना?’ असं विचारशील तर समोरचा ‘हो हो, असेल, या तुम्ही’ म्हणून मोकळा होईल. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, गिऱ्हाईक सांभाळायची ती सवय आहे. उत्तर आपल्या प्रश्नात घालून द्यायचं नाही. मी झेरॉक्सच्या दुकानात फोन लावला आणि आधी विचारलं, “दादा, तुमच्या शेजारची इस्टेट किती माळ्यांची?”

“ग्राउंड प्लस तीन.”

“मागे दुसरी विंग आहे का, उंच?”

“ए आणि बी दोन विंग आहेत मॅडम, दोन्ही सेम. का, गाळा बघताय का भाड्याने?”

“नाही, एका मुलीला इंटरव्ह्यूला बोलावलंय. बी विंगला पाचशे बारा नंबरचा गाळा म्हणतात.”

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “पाचशे बारा इथे नाहीच. बी विंगला शेवटचा नंबर तीनशे सोळा. मागच्या आठवड्यात पण एक मुलगा असाच कागद घेऊन आला होता, बॅग घेऊन. मी त्याला प्रिंट काढून दिली होती, म्हणून लक्षात आहे.”

कंपनीचं नाव मी त्यानंतर विचारलं. त्याने ते कधी ऐकलेलं नव्हतं.

म्हणजे इमारत आहे, गाळा नाही. तुला जायचं नाही हे इथेच ठरलं. पण कंपनी खरी आहे की तीही बनावट, हे कळायला हवं, कारण त्यावर पुढे काय करायचं ते अवलंबून आहे. म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर, mca.gov.in वर गेले. तिथे ‘Master Data’ या भागात कंपनीची माहिती मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत. नाव घातलं की नोंदणीचा पत्ता, नोंदणीची तारीख आणि कंपनी चालू आहे का, हे दिसतं. ‘Active’ असेल तर चालू, ‘Strike Off’ असेल तर सरकारी वहीतून नाव काढलेलं. तुझ्या मेलमधल्या नावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी तिथे आहे. ‘Active’ आहे, २०१६ मधली आहे, आणि नोंदणीचा पत्ता पुण्याचा आहे.

पुण्याच्या पत्त्याने बिचकू नकोस. नोंदणीचा पत्ता एकीकडे आणि काम दुसरीकडे असं सर्रास असतं. पुष्कळ छोट्या कंपन्यांचा नोंदणीचा पत्ता मालकाच्या फ्लॅटचा किंवा सीएच्या ऑफिसचा असतो, आणि त्यात काही वावगं नाही. मला खटकलं ते वेगळंच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या पत्रांवर तिचं नाव, नोंदणीचा पत्ता, फोन, ईमेल आणि सीआयएन, म्हणजे २१ अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक, छापलेला हवा. तुझ्या मेलसोबतच्या लेटरहेडवर मोठा लोगो आहे, खाली गोल शिक्का आहे, सही आहे. सीआयएन नाही आणि पुणेही नाही. खऱ्या लेटरहेडवर असल्या गोष्टी तळाशी बारीक अक्षरात असतात आणि त्या कुणी वाचत नाही. नक्कल करणाराही त्या वाचत नाही, म्हणून गाळतो. सीआयएन मिळालाच तर त्यात बघ, मध्ये राज्याची दोन अक्षरं असतात, महाराष्ट्राची MH, आणि लगेच पुढे नोंदणीचं वर्ष. मेलमध्ये काही सांगितलंय आणि नंबरात काही वेगळंच आहे, असं झालं की विचारायचं.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. कंपनीचं काम जिथे जिथे चालतं त्या प्रत्येक ऑफिसच्या बाहेर तिच्या नावाची आणि नोंदणीच्या पत्त्याची पाटी हवी, तीही त्या भागातल्या भाषेत वाचता येईल अशी. म्हणजे दाराबाहेरच्या पाटीचा फोटो मागणं हा आगाऊपणा नव्हे. आमच्या ऑफिसला मुली तो मागायच्या. रिसेप्शनवरची पोरगी बाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात काढून पाठवायची.

दर वेळी नोंद सापडेलच असं नाही. एका मालकाची फर्म असेल तर ती या साइटवर नसतेच. तेव्हा त्यांच्याकडे जीएसटी नंबर मागायचा आणि gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये घालायचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो, आणि धंद्याचा मुख्य पत्ता तिथे वाचता येतो. अगदी छोट्या धंद्याला जीएसटी लागू नसतो, तेव्हा नंबर नाही म्हणून लगेच खोटं ठरवायचं नाही. अशा वेळी सगळी भिस्त शेजाऱ्यावर. को-वर्किंगमध्ये ऑफिस असेल तर शेजारी म्हणजे तिथलं रिसेप्शन. त्यांच्या जाहीर नंबरवर फोन करून विचारायचं की या नावाला तुमच्याकडे केबिन आहे, की नुसती पत्रं घ्यायची सोय. दोन्ही भाड्याने मिळतात. नुसता पत्ता घेतलेली कंपनी खरी असू शकते, पण मग इंटरव्ह्यूच्या दिवशी तिथे खोली घेतली आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यायचं.

आता तुझा फोन. कंपनीचं नाव खरं निघालं आणि गाळा खोटा, तेव्हा दोन शक्यता उरतात. एक, कंपनीचाच कुणी तरी चुकीचा पत्ता पाठवतोय, जे मला पटत नाही. दोन, कंपनीला खबरच नाही की तिच्या नावावर कुणी मुलं बोलावतंय. हे मी जवळून पाहिलंय. मी काम करत होते त्या ऑफिसच्या गेटवर एका सकाळी परभणीचा एक मुलगा बॅग घेऊन उभा होता. हातात आमच्याच लोगोचं ऑफर लेटर, पत्ता आमचाच आणि अगदी बरोबर, आणि खाली माझ्या वरिष्ठांच्या नावाची सही, जी त्यांनी केलेली नव्हती. त्याने ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ म्हणून साडेतीन हजार आधीच भरले होते. त्याचा पत्ता शंभर टक्के खरा होता. इमारत होती, मजला होता, कंपनीही होती. फक्त त्या कंपनीने त्याला बोलावलं नव्हतं. त्याला पाणी दिलं, बसवलं, पण त्याच्या वडिलांना फोन लावताना माझा आवाज फुटत नव्हता.

म्हणून उद्या मंगळवारी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन कर. नंबर मेलमधला घ्यायचा नाही, एचआर मॅडमना विचारायचा नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘संपर्क’ पानावर असेल तो घ्यायचा. मेलमध्ये दिलेल्या लिंकवरून ती साइट उघडू नकोस, नाव स्वतः शोधून उघड. विचारायचं एवढंच, “तुमची मुंबईत कुठे ऑफिसं आहेत?” ते सांगतील तेवढं ऐकून घे. अंधेरीचं नाव तू आधी काढू नकोस. मग म्हण, “मला गुरुवारच्या इंटरव्ह्यूचा मेल आलाय, तो तुमच्याकडूनच आहे का, हे एचआरमध्ये विचारून सांगाल का?” आणि मेल आलेला पत्ता अक्षर-अक्षर वाचून दाखव. त्यांना जर ठाऊक नसेल, तर तो मेल त्यांना पाठव. त्यांच्यासाठीही ते गरजेचं आहे.

त्या एचआर मॅडमनाही एक मेसेज टाक, साधा, नम्र: ‘नमस्कार मॅडम. गुरुवारी माझ्यासोबत घरचे येणार आहेत, त्यांना पाठवायला मजल्यासह पूर्ण पत्ता, पिनकोड, कंपनीचा सीआयएन आणि रिसेप्शनचा लँडलाइन नंबर पुन्हा एकदा द्याल का? दाराबाहेरच्या पाटीचा फोटो मिळाला तर शोधायला सोपं जाईल.’ पिन चुकलाय हे त्यांना दाखवून देऊ नकोस. पाचवा मजलाच नाही, हेही नको. चूक दाखवली की ते दुरुस्त करून पाठवतील आणि पुढच्या मुलीला तो दुरुस्त पत्ता जाईल. खऱ्या ऑफिसला हा मेसेज म्हणजे रोजचं काम आहे, पाच मिनिटांत उत्तर येतं. उत्तराऐवजी ‘इतकी चौकशी करणाऱ्यांना आम्ही घेत नाही’, ‘आजच कन्फर्म कर नाहीतर जागा जाईल’ असं काही आलं, तर तो मेसेज जपून ठेव आणि बोलणं थांबव.

मला सगळ्यात जास्त टोचली ती ‘आमचा मुलगा घ्यायला येईल’ ही गोष्ट. इस्टेट असेल, गाळा असेल आणि बाहेर पाटी असेल, तर रिक्षावाल्याला इस्टेटचं नाव सांगून माणूस थेट दारात पोचतो. स्टेशनवरून कुणी घेऊन जाणार असेल तर मेलमधल्या पत्त्याशी कधी गाठच पडत नाही. त्या पत्त्याचं काम तुला चिपळूणहून अंधेरीपर्यंत आणण्याचं, तिथून पुढे मुलगा नेईल तो पत्ता. तो तू तपासलेला नसेल, बाबांनाही ठाऊक नसेल. तसंच ऐनवेळी ‘आज आपल्या ऑफिसला रंगकाम चालू आहे, दुसऱ्या ब्रँचला ये’ असा फोन आला, तर झालेली सगळी तपासणी त्या क्षणी बाद. नवा पत्ता म्हणजे पुन्हा पिनपासून सुरुवात, आणि ती रस्त्यावर उभं राहून होत नाही. तेव्हा परत फिरायचं. या इंटरव्ह्यूला नाही, तरी पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूला हे लागू आहे, आणि तुला पुढचे येतीलच.

मावशीला धावपळ करायला लावायची गरज नाही, झेरॉक्सवाल्याने ते काम केलंय. पण पुढे एखादा पत्ता सगळ्या बाजूंनी खरा निघाला तरी पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने चकाला, इतका सोपा रस्ता आहे. मावशी फाटकापर्यंत येऊ दे. आत गेल्यावर लिफ्टजवळ कंपन्यांच्या नावांचा फलक असतो, तो आधी वाच. वॉचमन वहीत नाव लिहायला सांगेल, तिथे ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यात कंपनीचं नाव घालताना त्याच्या तोंडाकडे बघ. नाव त्याला ओळखीचं असेल तर तो नुसती मान हलवून लिफ्ट दाखवतो. तो ‘कौनसी कंपनी?’ म्हणाला, तर वर जायचं नाही, मावशीकडे परत यायचं.

आधार, पॅन, मार्कशीट यातलं काही त्यांना आधीच पाठवलं आहेस का, हे तू लिहिलेलं नाहीस. पाठवलं नसेल तर पाठवू नकोस. पैसे गेले असतील, कितीही थोडे, तर या उत्तरापुढे वाचायच्या आधी १९३० वर फोन कर. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि पैसे जाऊन जितका कमी वेळ झाला असेल तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील तरी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी मेल, कॉलचे नंबर आणि मेसेज खोडू नकोस. ज्या जॉब साइटवर बायोडाटा टाकलास तिथेही त्या जाहिरातीखाली तक्रार करायची सोय असते. झेरॉक्सवाला म्हणाला तो मागच्या आठवड्यातला मुलगा बहुधा त्याच जाहिरातीवरून आला होता.

पुण्याला फोन झाला की मला कळव. त्यांनी मुंबईतली कुठली ऑफिसं सांगितली, ते त्यांच्याच शब्दांत लिही. त्यात खरंच एखादं अंधेरीचं निघालं, तर गाळ्याचा नंबर विचारून घे, मी पुन्हा एकदा झेरॉक्सवाल्याला फोन लावते.